देवनागरीतील दोन अर्धे ‘र’ : संगणकीय पानावरील मराठी संहितेचा एक प्रश्न

‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द मराठी वाचकाला कधीही एक वाटत नाहीत. पहिला समुद्राचा वाचक आहे, दुसरा ‘दरी’चे अनेकवचन. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या जोडीतही असाच भेद आहे. पहिल्यात गुरुजन आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. छपाईत हा भेद एका लहानशा खुणेने दाखवला जातो. पहिल्या शब्दात अर्धा ‘र’ पुढील अक्षराच्या माथ्यावर रफार होऊन बसतो, दुसऱ्यात तो पुढील अक्षराच्या डाव्या अंगाला, डोळ्याच्या पापणीसारख्या आडव्या वक्र रेषेने दाखवला जातो. हिंदी व संस्कृत यांच्या लेखनात या दुसऱ्या ‘र’ची गरज पडत नाही. मराठीत, कोंकणीत आणि नेपाळीत तो नित्याचा आहे.

हा भेद केवळ अर्थाचा असता तर संदर्भाने तो सावरून घेता आला असता. पण तो उच्चाराचा आहे, आणि म्हणून छंदाचाही आहे. ‘दर्या’ उच्चारताना ‘र्य’ या जोडाक्षराचा आघात आधीच्या ‘द’वर येतो आणि ‘द’ गुरू होतो. शब्दाच्या मात्रा चार. ‘दऱ्या’मध्ये तसा आघात येत नाही, ‘द’ लघूच राहतो, मात्रा तीन. (‘आचार्य’च्या जोडीत ‘चा’ मुळातच दीर्घ असल्यामुळे मात्रांच्या हिशेबाला बाध येत नाही, तेथे जो घोटाळा होतो तो अर्थाचाच.) एखादी कविता संगणकावर चढवताना ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला, तर सोळा मात्रांची ओळ सतरा मात्रांची होते आणि कवीच्या पदरात त्याने न केलेली चूक पडते. ज्याला मुद्रित प्रत पाहायला मिळत नाही अशा दूरच्या प्रांतातील अभ्यासकाला हा दोष कवीचा की प्रतीचा हे कळण्याचा मार्ग नसतो.

ही चूक नेमकी कोठे होते, हे समजण्यासाठी संगणकाच्या पडद्यावर देवनागरी शब्द कसा उमटतो याची प्रक्रिया थोडी जवळून पाहिली पाहिजे.

१

खिळ्यांच्या छपाईत जुळारी जी आकृती हवी तिचाच खिळा उचलीत असे. रफाराचा खिळा वेगळा, पापणीच्या ‘र’चा वेगळा. युनिकोड-पूर्व काळात, म्हणजे साधारणपणे विसाव्या शतकाची शेवटची दोन दशके, जे मराठी फॉन्ट प्रचारात होते त्यांचीही रीत तत्त्वतः हीच होती. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत आणि प्रत्येक तुकड्याला स्वतःचा क्रमांक असे. साठवली जात होती ती आकृती. त्यामुळे फॉन्ट बदलला की मजकुराचा अर्थच नाहीसा होई.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी भारतीय मानक ‘इस्की’च्या १९८८ च्या आराखड्यावरून घेतलेली आहे. देवनागरीचा मुख्य विभाग U+0900 पासून U+097F पर्यंत, १२८ स्थानांचा आहे. त्यात ‘क’ आहे, ‘ष’ आहे, हलन्त चिन्ह आहे. पण ‘क्ष’ नाही. जोडाक्षर हे त्या यादीत कोठेच नाही. जे साठवले जाते ते वर्ण आहेत, त्यांचा लेखनक्रम उच्चाराचा आहे, आणि आकृती घडवण्याचे काम वाचनाच्या क्षणी, वाचकाच्या यंत्रावर होते. साठवण आणि दर्शन यांची ही फारकत लक्षात ठेवली तर पुढील सर्व गोष्टी तिच्यातूनच निघतात.

ब्राउझरला ‘द, र, हलन्त, य, आ-कार’ अशी पाच चिन्हांची ओळ मिळते. तो ती एका आकृतिरचना करणाऱ्या आज्ञावलीकडे सोपवतो. क्रोम व फायरफॉक्स या ब्राउझरांत तिचे नाव हार्फबझ. ही आज्ञावली प्रथम ओळीचे अक्षरगट पाडते. ‘द’ हा एक गट, ‘र्या’ हा दुसरा. गटाच्या आरंभी ‘र’ व हलन्त दिसले आणि पुढे व्यंजन असले, तर तो रफार होय असे ती ठरवते व त्याला उचलून गटाच्या शेवटाकडे नेते. पहिली वेलांटी मात्र व्यंजनानंतर साठवलेली असूनही त्याच्या आधी काढायची असते, म्हणून ती उलट दिशेने, मागे आणली जाते. हे स्थानांतर झाल्यावर फॉन्टमधील नियमसारणी उघडली जाते. ओपनटाइप प्रकारच्या फॉन्टमध्ये केवळ आकृत्या नसतात. कोणत्या क्रमाला कोणती आकृती द्यावी याचे नियमही असतात आणि प्रत्येक नियमगटाला चार अक्षरांचे नाव असते. रफाराच्या नियमाचे नाव `rphf`, अर्ध्या अक्षरांच्या नियमाचे `half`. फॉन्टमध्ये एखाद्या जोडाक्षराचा नियम किंवा आकृती नसेल, तर हलन्ताचा पाय उघडा दिसतो. मजकूर चुकलेला नसतो. फॉन्ट अपुरा असतो. या दोन गोष्टींची गल्लत फार वेळा केली जाते, आणि मुद्रितशोधक जेथे काही बिघडलेलेच नाही तेथे दुरुस्ती करू लागतात.

विंडोज २००० बरोबर आलेला ‘मंगल’ हा अशा नियमांनी युक्त असा पहिल्या मोठ्या प्रसाराचा देवनागरी फॉन्ट. त्याचे रेखाटन रघुनाथ कृष्ण जोशी यांचे. सुलेखनकार म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. पण ते मराठीतील कवीही होते, आणि अक्षराच्या दृश्यरूपाचा कवितेत विचार करणाऱ्याकडे हे काम जावे यात एक औचित्य आहे.

२

वरील रीतीने पाहिले तर ‘र, हलन्त, य’ या क्रमाचा निकाल ठरलेला आहे: रफार. मग ‘दऱ्या’मधील पापणीचा ‘र’ कोठून आणावयाचा? वर्ण तर तोच ‘र’ आहे. युनिकोडने याला एक नव्हे, दोन उत्तरे दिली, आणि सध्याची अडचण या द्वित्वातून निर्माण झालेली आहे.

पहिले उत्तर ‘ऱ’ या चिन्हाचे. नुक्ता असलेला हा ‘ऱ’, U+0931, मुळात द्राविडी भाषांतील वर्त्स्य ‘र’ देवनागरीत लिहिता यावा म्हणून ‘इस्की’त आला. मराठीत त्याचे पूर्ण रूप कोणी लिहीत नाही. त्याच्या अर्ध्या रूपाची जागा रिकामी होती, ती मानकाने मराठी पापणीच्या ‘र’ला दिली. म्हणजे तमिळ व मलयाळम यांच्यासाठी ठेवलेल्या घरात मराठीचा एक वर्ण भाड्याने राहतो. मराठी वाचकाला ‘दऱ्या’च्या संकेतात एक न दिसणारा नुक्ता दडलेला आहे हे कळल्यावर थोडे आश्चर्य वाटते, पण व्यवहारात हा मार्ग चांगला आहे. भेद एका स्वतंत्र, दृश्य चिन्हावर आधारलेला राहतो.

दुसरे उत्तर एका अदृश्य चिन्हाचे. U+200D या स्थानावर शून्यरुंदीचा सांधक आहे. त्याला स्वतःची आकृती नाही. व्यंजन व हलन्त यांच्यानंतर तो आला, तर ‘या व्यंजनाचे अर्धे रूप दाखवा, पुढील अक्षराशी एकजीव करू नका’ अशी सूचना त्यातून मिळते. ‘क, हलन्त, सांधक, ष’ असे लिहिले तर ‘क्ष’ न होता अर्धा ‘क’ व त्यापुढे ‘ष’ दिसतो. ‘र, हलन्त, सांधक’ यांना हाच न्याय लावला की रफार टळतो आणि पापणी मिळते. १९९६ च्या युनिकोड आवृत्ती २.० शी सुसंगती राहावी म्हणून मानकाने हा मार्गही मान्य ठेवला आहे.

एकाच शब्दाची तीन रूपे शेजारी ठेवली म्हणजे स्थिती स्पष्ट होते:

```
अ  0926 0930 094D 092F 093E
आ  0926 0931 094D 092F 093E
इ  0926 0930 094D 200D 092F 093E
```

‘अ’ म्हणजे दर्या. ‘आ’ आणि ‘इ’ या दोन्ही म्हणजे दऱ्या. चांगल्या फॉन्टमध्ये ‘आ’ व ‘इ’ पडद्यावर तंतोतंत सारख्या दिसतात. वाचकाच्या डोळ्याला त्यांतील भेद कळणे अशक्य आहे. संगणकाला मात्र त्या दोन निराळ्या ओळी आहेत, एक पाच चिन्हांची व एक सहा चिन्हांची. युनिकोडची जी प्रमाणीकरणाची क्रिया आहे, जिच्यामुळे ‘ऱ’ आणि ‘र + नुक्ता’ ही रूपे एक मानली जातात, तीही ‘आ’ आणि ‘इ’ यांना एक करीत नाही. हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ‘मजकूर प्रमाणित केला आहे’ असे सांगणाऱ्या संग्रहातही दोन्ही रूपे सुखाने नांदत असतात.

आता एक प्रसंग कल्पून पाहता येईल. एका कवीचे तीन संग्रह तीन व्यक्तींनी टंकलिखित केले आहेत. पहिल्याने इन्स्क्रिप्ट कळफलक वापरला. त्यात ‘र’च्याच कळीवर, शिफ्ट दाबून, ‘ऱ’ मिळतो. त्याचा मजकूर ‘आ’ रूपात आला. दुसऱ्याने ध्वनिलेखी कळफलक वापरला व त्याने सांधक घातला. मजकूर ‘इ’ रूपात. तिसऱ्याला पापणीचा ‘र’ कसा काढावा हे सापडले नाही, त्याने रफारावर भागवले, सर्वत्र ‘अ’. अभ्यासक आता तिन्ही संग्रहांत ‘दऱ्या’ शोधतो. शोध चिन्हाशी चिन्ह ताडून पाहणारा असेल, तर त्याला फक्त पहिला संग्रह सापडतो, आणि ‘पुढील संग्रहांत दऱ्याखोऱ्यांची प्रतिमा लोपली आहे’ असा निष्कर्ष तो काढू शकतो. याउलट शोध अदृश्य चिन्हे दुर्लक्षिणारा असेल, तर दुसऱ्या संग्रहातील प्रत्येक ‘दऱ्या’ हा ‘दर्या’ गणला जातो, कारण ‘इ’मधून सांधक वगळला की जे उरते ते ‘अ’ होय. युनिकोडच्या अनुक्रमणपद्धतीत सांधकाला वजनच नाही, त्यामुळे शब्दसूचीतही समुद्र व दऱ्या एकाच नोंदीखाली येतात. एक दोष न्यूनाचा आहे, दुसरा अतिरेकाचा, आणि दोन्ही एकाच संग्रहाबाबत, केवळ साधन बदलल्याने उद्भवतात.

तिसऱ्या संग्रहाची अवस्था सर्वांत वाईट. ‘इ’ची ‘आ’ यंत्राने करता येते; ‘अ’मध्ये मूळ भेदच नष्ट झाला आहे. तेथे पुन्हा मुद्रित प्रतीकडे जाण्यावाचून इलाज नाही. आणि ‘इ’ची ‘अ’ होणे फार सोपे आहे. मजकूर एका साधनातून दुसऱ्यात नेताना ‘अनावश्यक अदृश्य चिन्हे’ काढून टाकणारी एखादी सोय मध्ये असते. इंग्रजी मजकुराच्या दृष्टीने ती निरुपद्रवी, उपकारकच. मराठी मजकुरातून ती गेली की सगळ्या पापण्या गळून पडतात आणि जागोजाग रफार उगवतात. ‘वाऱ्यावर’चे ‘वार्यावर’, ‘कऱ्हाड’चे ‘कर्हाड’ झालेले पान दिसले, तर टंकलेखकाला दोष देण्यापूर्वी हे कारण तपासावे. ओळखण्याची खूण अशी की टंकलेखकाची चूक तुरळक व अनियमित असते. सांधक गळाल्याची चूक पानभर, अपवादाविना असते. तिसरीही एक अवस्था आढळते: ‘ऱ’ नुक्त्यासह पूर्ण दिसतो, त्याच्या पायाशी हलन्त, आणि पुढे ‘या’ सुटा. तेथे मजकूर ‘आ’ रूपात, म्हणजे शुद्ध आहे. फॉन्टमध्ये ‘ऱ’च्या अर्ध्या रूपाचा नियम नाही एवढेच.

डोळ्याला न दिसणारा भेद पाहण्याचा उपाय साधा आहे. कोणत्याही ब्राउझरच्या विकासक-साधनांतील कन्सोलमध्ये पानावरचा शब्द उचलून पुढील ओळीत ठेवावा:

```
[..."दऱ्या"].map(c => c.codePointAt(0).toString(16))
```

उत्तरात `931` आले तर रूप ‘आ’. `930`, `94d` यांच्या मागोमाग `200d` आले तर ‘इ’. `200d` नसेल तर शब्द ‘दर्या’ आहे, मग पडद्यावर काहीही वाटो.

संग्रहाचे एकरूपीकरण करायचे असल्यास ‘इ’ची ‘आ’ करणे श्रेयस्कर. मराठीत पापणीचा ‘र’ प्रायः ‘य’ व ‘ह’ यांच्या आधी येतो, म्हणून बदल तेवढ्यापुरता मर्यादित ठेवता येतो:

```
s.replace(/\u0930\u094D\u200D(?=[\u092F\u0939])/g, "\u0931\u094D")
```

मात्र ही क्रिया शोधसूचीसाठी केलेल्या प्रतीवर करावी आणि मूळ टंकलिखित जसे आले तसे जपावे, हे संपादनशास्त्राचे जुने पथ्य येथेही लागू आहे. दुसरी मर्यादा भाषेची. नेपाळीत ‘गर्‍यो’सारख्या क्रियापदांत हाच ‘र’ पदोपदी येतो, आणि तेथे सांधकाचे रूपच रूढ आहे. मराठी व नेपाळी मजकूर एकत्र असलेल्या संग्रहावर वरील ओळ सरसकट चालवली, तर नेपाळी अभ्यासकाला त्याच्या सवयीच्या रूपाने शोधताना काहीच सापडणार नाही. कोणता परिच्छेद कोणत्या भाषेचा हे यंत्राला सांगितलेले असले पाहिजे.

३

हे सांगण्याची जागा म्हणजे एचटीएमएलमधील `lang` हा गुणधर्म. पानाच्या मूळ घटकावर तो दिला की आतील सर्व घटकांना वारशाने मिळतो. आत एखाद्या घटकाला निराळा दिला, तर त्या घटकापुरता तो चालतो. अनेक भाषांच्या संकलनात तो असा दिसेल:

```
<html lang="hi">
  <p>यह कविता मराठी की है।</p>
  <blockquote lang="mr">शाळेला लवकर सुटी झाली</blockquote>
```

मराठीचा संकेत `mr`, हिंदीचा `hi`, संस्कृतचा `sa`, नेपाळीचा `ne`, कोंकणीचा `kok`. लिपी निराळी सांगण्याची गरज मराठीला सहसा नाही. देवनागरी गृहीतच धरली जाते. मोडीतील संहिता मात्र `mr-Modi` अशी दाखवावी लागते (मोडीचा स्वतंत्र विभाग युनिकोडमध्ये २०१४ साली, सातव्या आवृत्तीत आला). कोंकणी अनेक लिप्यांत लिहिली जात असल्यामुळे `kok-Deva` व `kok-Latn` हा भेद तेथे उपयोगी पडतो. `lang="marathi"` असे लिहिलेलेही आढळते. तो नोंदलेला संकेत नव्हे आणि त्याचा काही परिणाम होत नाही.

या गुणधर्माचा दृश्य परिणाम ‘ल’ व ‘श’ या दोन अक्षरांवर सर्वांत ठळक होतो. मराठी मुद्रणात ‘ल’ पाकळीयुक्त आणि ‘श’ देठयुक्त असतो. हिंदीत ‘ल’ दंडाला जोडलेला व ‘श’ निराळ्या डोक्याचा. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी मराठी वळणाची रूपे सांगितलेली आहेत. युनिकोडमध्ये मात्र ‘ल’ एकच आहे, U+0932, आणि ‘श’ही एकच, U+0936. हे योग्यच आहे. वळणाचा भेद वर्णाचा भेद नव्हे. पापणीच्या ‘र’प्रमाणे त्याने अर्थ किंवा मात्रा बदलत नाहीत. तेव्हा वळण निवडण्याचे काम फॉन्टकडे येते, आणि फॉन्टला ते `lang` वरून कळते. ब्राउझर `mr` हा संकेत ओपनटाइपच्या `MAR` या भाषाखुणेत रूपांतरित करतो; फॉन्टमध्ये त्या खुणेखाली `locl` नावाचा नियमगट असेल, तर हिंदी वळणाच्या आकृतीच्या जागी मराठी वळणाची आकृती बसते. नेपाळीसाठी हीच सोय काही फॉन्टांत ‘झ’ आणि ५, ८ हे अंक यांच्याकरिता केलेली असते.

येथे ‘असेल तर’ या शब्दांवर भर द्यायला हवा. फॉन्टमध्ये हा नियमगट नसेल, तर `lang` बरोबर असूनही काही बदलत नाही. पुष्कळ फॉन्ट मुळात हिंदीसाठी रेखाटले गेले आणि मराठी रूपे त्यांत नाहीत. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतून निघालेला ‘शोभिका’ किंवा ‘मुक्त’ यांसारखे फॉन्ट मराठीचा विचार करून केलेले आहेत, पण वाचकाच्या यंत्रावर ते असतीलच असे नाही. म्हणून फॉन्ट पानाबरोबर पाठवावा लागतो. पाठवताना तो हलका व्हावा म्हणून त्यातील ‘न लागणारे’ भाग छाटण्याची प्रथा आहे. छाटणी करणाऱ्याने आकृत्यांबरोबर नियमही छाटले, तर `locl` जातो, प्रसंगी अर्धी रूपेही जातात, आणि मूळ फॉन्टमध्ये जे नीट दिसत होते ते पानावर बिघडते.

अर्धवट केलेल्या फॉन्टची एक विशिष्ट खूण आहे. `locl` चा नियम इतर बहुतेक नियमांच्या आधी लागू होतो. म्हणजे ‘ल’ची मराठी आकृती आधी बसते आणि मग तिच्यावर अर्ध्या अक्षराचा नियम लागायचा असतो. रेखाटनकाराने पूर्ण ‘ल’ मराठी वळणाचा केला पण त्या नव्या आकृतीचे अर्धे रूप नियमात नोंदलेच नाही, तर ‘लवकर’ उत्तम दिसतो आणि ‘कल्लोळ’मध्ये मात्र हलन्ताचा पाय उघडा पडतो. ‘शाळा’ ठीक, ‘अवश्य’ व ‘श्लोक’ बिघडलेले. म्हणून मराठी संहितेसाठी फॉन्ट निवडताना सुटी अक्षरे पाहून समाधान मानू नये. कल्लोळ, अवश्य, श्लोक, श्री, दऱ्या, कऱ्हाड असे शब्द `lang="mr"` खाली मांडून पाहावेत, आणि तेच पुन्हा `lang="hi"` खाली. दोन्ही रांगा अगदी सारख्या आल्या, तर फॉन्ट मराठी ओळखत नाही किंवा छाटला गेला आहे.

`lang` जे करीत नाही तेही सांगितले पाहिजे, कारण त्याविषयी भलत्या अपेक्षा बाळगल्या जातात. तो साठवलेल्या चिन्हांना हात लावीत नाही. ‘दर्या’ असे साठवलेले असेल तर `mr` लिहिल्याने त्याचे ‘दऱ्या’ होणार नाही. शिवाय तो पानाच्या रचनेत राहतो, मजकुरात नव्हे. वाचकाने कवितेची ओळ उचलून साध्या मजकुराच्या धारिकेत ठेवली की पापणीचा ‘र’ तिच्याबरोबर जातो, ‘ल’ व ‘श’ यांचे मराठी वळण मागे राहते. वर्ण आणि वळण यांतील भेद युनिकोडने जेथे आखला आहे तेथेच ही ओळ तुटते, आणि ती योग्य ठिकाणी तुटते असे म्हणता येईल.

४

पाठभेद दाखवणाऱ्या आवृत्तीत याच प्रक्रियेतून आणखी एक अडचण येते. संपादकाला ‘दर्या’ व ‘दऱ्या’ यांतील भिन्न असलेला वर्णच तेवढा ठळक करावासा वाटतो, आणि तो अर्ध्या ‘र’भोवती ठळकपणाची खूण घालतो:

```
द<b>ऱ्</b>या
```

ठळक अक्षरांचा फॉन्ट हा ब्राउझरच्या लेखी निराळा फॉन्ट असतो. आकृतिरचनेची आज्ञावली एका वेळी एकाच फॉन्टची ओळ हाताळते. खुणेपाशी ओळ तुटते आणि ‘ऱ्’ला पुढचा ‘य’ दिसतच नाही. मग जोडाक्षर सुटे होऊन पडते. वेलांटी किंवा काना असा एकटा वेगळा काढला, तर त्याच्या शेजारी ठिपक्यांचे वर्तुळ उमटते. व्यंजनावाचून मात्रा आली हे सांगण्याची ती रीत आहे. खूण नेहमी संपूर्ण अक्षरगटाभोवती घालावी:

```
द<b>ऱ्या</b>
```

हस्तलिखितात लेखकाने केवळ रफार खोडून पापणी काढली असेल, तर ते टीपेत शब्दांनी नोंदवावे. संहितेच्या अंगावर ते दाखवण्याचा हट्ट धरल्यास अक्षर मोडते. अक्षरांमधील अंतर वाढवून भर देण्याची इंग्रजी पद्धतही देवनागरीत टाळलेलीच बरी, कारण अक्षरगट टिकले तरी शिरोरेषा ठिकठिकाणी तुटते.

मात्रागणना यंत्राकडून करून घेणाऱ्या अभ्यासकाने अखेरीस एक अपवाद आपल्या नियमात लिहून ठेवावा लागतो. ‘हलन्तानंतर व्यंजन आले तर आधीचे अक्षर गुरू’ हा नियम संस्कृतसाठी पुरतो. मराठीत हलन्तापूर्वी U+0931 असेल, किंवा हलन्तानंतर U+200D असून त्याआधी ‘र’ असेल, तर आधीचे ऱ्हस्व अक्षर लघूच राहते. ‘पुऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘वऱ्हाड’ हे शब्द या अपवादाची चाचणी घेण्यास पुरेसे आहेत: तीन, तीन आणि चार मात्रा. यंत्राने चार, चार, पाच सांगितल्या, तर आधी नियमात अपवाद लिहिलेला आहे का ते पाहावे, आणि तो असल्यास त्या शब्दांचे संकेत उघडून पाहावेत.